गावाचा हिस्सा की वॉर्डाचा हिस्सा? नव्या हद्दींत जुनी लोकसंख्या वाटताना

2014 साली इंदूर महापालिकेच्या हद्दीत 29 गावं आली आणि वॉर्ड 69 चे 85 झाले. निपानिया, बिचोली, कनाडिया, बिलावली, तलावली चांदा ही नावं तोवर जिल्ह्याच्या गावांच्या यादीत होती, ती शहराच्या नकाशात आली. पण हाताशी असलेली जनगणना 2011 ची. तिच्यात आकडा गावाचा आहे, आणि वॉर्डाची रेघ कुठे रस्त्याने, कुठे नाल्याने जाते. त्यामुळे एखाद्या गावाचे दोन-तीन तुकडे होतात. मग पाण्याची टाकी बांधायची असो, दवाखाना काढायचा असो की एखाद्या मंडळाला वॉर्डवार सर्वेक्षण करायचं असो, पहिला प्रश्न तोच येतो: या वॉर्डात गावातली किती माणसं धरायची?

उत्तर म्हणून सगळे म्हणतात, "क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटा." घोळ इथेच आहे, कारण क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटण्याचे हिशेब दोन आहेत. तुकडा तोच असतो, पण एका हिशेबात त्याला गावाच्या क्षेत्रफळाने भागतात, दुसऱ्यात वॉर्डाच्या. भल्याभल्यांच्या फायलींत हे दोन एकमेकांच्या जागी बसलेले सापडतात, आणि उत्तर दिसायला अगदी बरोबर वाटतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबापुरते आहेत, कुठल्या खऱ्या गावाचे नाहीत. गाव 'अ' सहा चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथे 4,800 माणसं राहतात. गाव 'ब' दोनच चौरस किलोमीटरचं, पण शहराला चिकटलेलं, म्हणून तिथे 9,600 माणसं. या दोन गावांमधून दोन वॉर्ड काढले. पहिल्या वॉर्डात 'अ'चा निम्मा भाग, म्हणजे तीन चौरस किलोमीटर, आणि 'ब'चा निम्मा भाग, म्हणजे एक चौरस किलोमीटर गेला. उरलेलं सगळं दुसऱ्या वॉर्डात. दोन्ही वॉर्ड चार-चार चौरस किलोमीटरचे झाले.

माणसं वाटायची असतील तर विचारायचं ते असं: गावाचा किती हिस्सा या वॉर्डात आला? 'अ'चा निम्मा, म्हणून 2,400. 'ब'चाही निम्मा, म्हणून 4,800. बेरीज 7,200. दुसऱ्या वॉर्डातही 7,200, आणि दोन्ही मिळून 14,400, म्हणजे दोन गावांची मूळ बेरीज. माणसं कुठे हरवली नाहीत, वाढलीही नाहीत.

आता दुसरा हिशेब. त्यात विचारतात: वॉर्डाचा किती हिस्सा या गावाने व्यापला? पहिल्या वॉर्डाचा पाऊण भाग 'अ'चा, पाव भाग 'ब'चा. 4,800 ची पाऊणपट 3,600, 9,600 चा पाव 2,400, एकूण 6,000. आकडा पाहून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत, इतका तो शहाण्यासारखा दिसतो. पण दुसऱ्या वॉर्डातही 6,000 च निघतात, दोन्हींची बेरीज 12,000 होते, आणि 2,400 माणसं कागदावरून नाहीशी होतात. म्हणून माझा पहिला नियम साधा आहे: वॉर्डांची बेरीज गावांच्या बेरजेशी जुळवून पाहिल्याशिवाय तक्ता कुणाच्या हाती द्यायचा नाही.

मग हा दुसरा हिशेब चुकीचाच का? नाही, तो दाटीचा हिशेब आहे. 'अ'ची दाटी चौरस किलोमीटरला 800 माणसं, 'ब'ची 4,800. 800 ची पाऊणपट 600, 4,800 चा पाव 1,200, म्हणून वॉर्डाची दाटी 1,800. तिला वॉर्डाच्या चार चौरस किलोमीटरने गुणा, पुन्हा 7,200 च येतात. थोडक्यात, जी गोष्ट तुकडा पाडला की कमी होते, जसं माणसं, घरं, मतदार, ती गावाच्या हिश्श्याने वाटायची. जी तुकडा पाडला तरी तेवढीच राहते, जशी दाटी, तिची सरासरी वॉर्डाच्या हिश्श्याने काढायची. आर या भाषेतल्या `sf` पॅकेजमध्ये हा सगळा फरक एका शब्दावर आहे:

```
st_interpolate_aw(gaav["lok"],  ward, extensive = TRUE)
st_interpolate_aw(gaav["daati"], ward, extensive = FALSE)
```

इथवर समजलेला माणूसही पुढच्या खड्ड्यात पडतो, आणि तो खड्डा टक्केवारीचा. नळ असलेल्या घरांतली माणसं 'अ'मध्ये 30 टक्के आणि 'ब'मध्ये 70 टक्के आहेत असं धरा. तुकडा पाडला तरी टक्के टक्केच राहतात, मग ती दाटीसारखीच गोष्ट, असं वाटून लोक 30 ची पाऊणपट आणि 70 चा पाव करून 40 टक्के लिहून मोकळे होतात. पण या टक्क्याच्या खाली जमीन नाही, माणसं आहेत. 'अ'ने वॉर्डाची पाऊण जमीन दिली, पण माणसं एक तृतीयांशच दिली. म्हणून टक्केवारी वाटायचीच नाही. तिचा वरचा आकडा आणि खालचा आकडा वेगवेगळे वाटायचे. 'अ'मध्ये नळवाली माणसं 1,440, त्यातली निम्मी 720. 'ब'मध्ये 6,720, निम्मी 3,360. मिळून 4,080, आणि 7,200 तले ते जवळजवळ 57 टक्के होतात. 40 आणि 57 मध्ये एक अख्खी पाइपलाइन मावते.

बेरीज न जुळण्याचं आणखी एक कारण हद्दीच्या काठावर सापडतं. गावाचा काही भाग महापालिकेबाहेर राहिला असेल तर वरच्या पद्धतीत त्या भागातली माणसं कुठल्याच वॉर्डात येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण पायथनमधल्या `tobler` पॅकेजात `area_interpolate` वापरलं, तर `allocate_total` मुळातच `True` असतं. मग गावाची सगळी माणसं आत आलेल्या तुकड्यांतच कोंबली जातात. बेरीज छान जुळते, पण बाहेरच्या शेतावर राहणारा माणूस वॉर्डात आलेला असतो. गाव पूर्ण आत असेल तर दोन्ही उत्तरं एकच. तसं नसेल तर काय हवंय ते आधी ठरवा.

नकाशाच्या बाबतीत एवढंच सांगतो की क्षेत्रफळ मीटरमध्ये मोजा. इंदूरसाठी यूटीएमचा 43 उत्तर विभाग, म्हणजे `EPSG:32643`. गंमत अशी की अक्षांश-रेखांशातच क्षेत्रफळ काढलं तरी एकाच गावाचा हिस्सा जवळपास बरोबर येतो, कारण वरखालची चूक सारखीच असल्यामुळे कटून जाते. दाटी मात्र भलतीच येते.

आणि गावाची रेघ पटवाऱ्याच्या नकाशावरून उतरवलेली, वॉर्डाची दुसऱ्याच कुणी काढलेली, तर दोन्हींच्या मध्ये काही मीटर रुंदीच्या चिंधोट्या पडतात. त्या वॉर्डाचा त्या गावाशी संबंध नसताना तिथे तेवीस-चोवीस माणसं उगवली, की चिंधी समजायची. ती काढून टाकून तिचा हिस्सा शेजारच्या तुकड्यात घालायचा.

हे सगळं सांभाळलं तरी मूळ गृहीतक तसंच राहतं. या पद्धतीला वाटतं की माणसं गावभर सारखी पसरली आहेत, ताटभर पोह्यांवर शेव पसरावी तशी. पण माळव्यातल्या गावात आबादी एका जागी असते, बाकी शेतं, चराई, नाला. आपल्या 'अ' गावाची सगळी आबादी दुसऱ्या वॉर्डाच्या बाजूला आहे असं धरा. मग पहिल्या वॉर्डात खरी माणसं 4,800 आणि दुसऱ्यात 9,600. आपण दोन्हींकडे 7,200 लिहिली होती. एकात निम्म्याने जास्त, दुसऱ्यात पाव भाग कमी, आणि तरी बेरीज 14,400 अशी चोख जुळते. बेरजेची तपासणी हिशेबातली चूक पकडते, गृहीतकातली नाही.

म्हणून मी तक्त्यात आणखी एक रकाना ठेवतो. वॉर्डातली किती माणसं अख्ख्या गावांतून आली आणि किती तुकड्यांतून? अख्ख्या गावांतून आलेला आकडा जनगणनेइतकाच पक्का. तुकड्यातून आलेला शून्यापासून गावाच्या पूर्ण लोकसंख्येपर्यंत काहीही असू शकतो. आपल्या पहिल्या वॉर्डात सगळंच तुकड्यांचं आहे, म्हणजे हातात नकाशाशिवाय काही नसेल तर 7,200 हा आकडा शून्य ते 14,400 यांच्या मध्ये कुठेतरी ठेवलेला खुंटा आहे.

हा खुंटा बऱ्यापैकी ठाकठीक करता येतो. जिथे कुणी राहूच शकत नाही ती जमीन वाटणीतून काढा. बिलावलीचा मोठा तलाव हद्दीत धरून त्यावर माणसं वसवणं म्हणजे क्षेत्रफळाचा भाबडेपणा. खसऱ्याच्या नोंदींवरून शेतजमीन वगळून फक्त वस्तीच्या क्षेत्रावर वाटलं, तर गणित तेच राहतं आणि चूक पुष्कळ घटते. त्याहून बरं म्हणजे जनगणनेचे प्रगणक गट मिळवणं. एका गटात साधारण सहा-सातशे माणसं असतात, त्यामुळे रेघ गावाऐवजी फार थोड्या गटांनाच कापते.

पण वस्ती कुठल्या सालच्या नकाशातून घेता तेही पाहा. आमच्याकडे काम शिकायला येणारा एक मुलगा आजच्या उपग्रहचित्रातल्या इमारती घेऊन बसला होता. त्याच्या नकाशात 2011 ची माणसं बायपासच्या बाजूला नंतर उभ्या राहिलेल्या टाउनशिपमध्ये राहायला गेली होती.

"काका, पण इमारती तर तिथेच आहेत ना?"

"आज आहेत. माणसं तू 2011 ची वाटतोयस."

जुनी माणसं जुन्या वस्तीवर वाटायची, आणि नव्या हद्दीतला आकडाही 2011 चाच म्हणायचा. हद्द नवी झाली म्हणून गणना नवी होत नाही.

एका कामासाठी मात्र मी ही पद्धत कुणाला वापरू देणार नाही: राखीव वॉर्ड ठरवण्यासाठी अनुसूचित जातींची लोकसंख्या. तिथे एकूण माणसं सारखी पसरली आहेत एवढंच नव्हे, तर प्रत्येक तुकड्यात त्यांचं प्रमाणही सारखंच आहे असं धरावं लागतं. गावात मोहल्ला बहुधा वेगळा असतो, एका बाजूला असतो, आणि वॉर्डाची रेघ त्याच्या अलीकडून गेली की पलीकडून, यावर सगळं ठरतं. क्षेत्रफळाने वाटलं तर तो मोहल्ला दोन्ही वॉर्डांत निम्मा-निम्मा विरघळतो, आणि कदाचित दोन्हीकडे आरक्षणाच्या क्रमात मागे पडतो. तिथे प्रगणक गट घ्या, नाहीतर घरोघर जाऊन मोजा.