कार्बनची भोकं केवढी हवीत?

‘मोबाइल एका मिनिटात चार्ज’ अशी बातमी आली की तिच्यात हमखास एक आकडा असतो: या नव्या कार्बनच्या एका ग्रॅममध्ये ३००० चौरस मीटर पृष्ठभाग! आकडा खरा असेलही, पण तेवढ्यावरून सुपरकपॅसिटर, म्हणजे अशा कार्बनमध्ये वीज साठवणारं आणि झटपट चार्ज होणारं साधन, चांगला ठरत नाही.

सच्छिद्र कार्बनच्या इलेक्ट्रोडमध्ये चार्जिंग होताना रासायनिक क्रिया घडत नाही. द्रावणातले आयन कार्बनच्या पृष्ठभागाला खेटून उभे राहतात आणि समोर कार्बनमध्ये विरुद्ध भार जमतो. हाच दुहेरी थर. दोन्ही भारांमधलं अंतर नॅनोमीटरहूनही कमी असल्याने एका चौरस सेंटिमीटरला साधारण १० मायक्रोफॅरड धारिता, म्हणजे दर व्होल्टला भार साठवण्याची क्षमता, मिळते. ग्रॅमला २००० चौरस मीटर पृष्ठभाग धरला, तर तो झाला २ कोटी चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की ग्रॅमला २०० फॅरड येतात. प्रत्यक्षात सेंद्रिय द्रावणात मिळतात जेमतेम शंभर.

उरलेले शंभर गेले कुठे? पृष्ठभाग मोजतात नायट्रोजन वायूने, आणि त्याचा रेणू साधारण ०.३६ नॅनोमीटरचा. द्रावणातला टेट्राएथिलअमोनियम आयन मात्र ०.६८ नॅनोमीटरचा, आणि भोवतीच्या द्रावकाच्या रेणूंसकट १.३ चा. नायट्रोजन शिरतो त्या सगळ्या भोकांत हा शिरत नाही. अशा भोकांमधला पृष्ठभाग मोजणीत येतो, कामाला येत नाही.

मग भोकं १.३ हून मोठीच ठेवावीत, असं बरीच वर्षं मानलं जाई. २००६ मध्ये गोगोत्सी, सिमॉन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की भोक १ नॅनोमीटरच्या खाली गेल्यावर धारिता उलट वाढते. आयन आपल्याभोवतीचे काही द्रावकरेणू टाकून आत घुसतो आणि भिंतीच्या आणखी जवळ जातो. पण भोक आयनाहूनही अरुंद झालं की खेळ खलास. आणि पृष्ठभाग वाढवण्याच्या नादात कार्बन फार कोरला, तर भिंती पातळ होतात, घनता घटते आणि तेवढ्याच आकारमानात कमी भार मावतो. नुसती बारीक भोकंही चालत नाहीत. आयनांना आत पोहोचायला २ ते ५० नॅनोमीटरचे रुंद मार्ग लागतात. ते नसले तर कमी प्रवाहावर धारिता छान दिसते, प्रवाह वाढवला की कोसळते.

सुपरकपॅसिटरचा दुसरा प्रकार आभासी धारितेचा. रुथेनियम किंवा मँगॅनीज ऑक्साइडच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनची खरोखर देवघेव होते, त्यामुळे भार जास्त साठतो. मँगॅनीज ऑक्साइड वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून कार्बनवर त्याचा पातळ थरच द्यावा लागतो. जाड थराचा आतला भाग फुकट जातो.

इथेच एक चलाखी चालते. निकेल हायड्रॉक्साइडसारख्या बॅटरीच्या पदार्थाची धारिता हजारो फॅरड म्हणून छापतात. पडताळणी सोपी आहे: स्थिर प्रवाहाने डिस्चार्ज करून व्होल्टेजचा आलेख बघा. रेषा सरळ उतरली तर कपॅसिटर. मध्येच आडवी राहिली तर ती बॅटरी, आणि तिची क्षमता फॅरडमध्ये सांगण्याला काही अर्थ नाही.