पाइनची पाटी: प्रत्येक टिकला पुसून पुन्हा लिहिलेले गणित

भाव हलत असताना चार्टवर हिरवा बाण उमटतो, दोन मिनिटांनी तो नाहीसा होतो, आणि पाहणाऱ्याची खात्री पटते की इंडिकेटरमध्ये काहीतरी लबाडी आहे. बहुतेक वेळा लबाडी नसते. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या संकेतस्थळावरील पाइन ही भाषा ज्या पद्धतीने चालते, तिचा तो सरळ परिणाम असतो, आणि ती पद्धत मला फार देखणी वाटते.

चार्टवरील प्रत्येक बार म्हणजे ठरावीक वेळेतील भावाची एक पट्टी. पाइनमधील प्रोग्रॅम संपूर्ण चार्ट एकदम पाहत नाही. सर्वांत डावीकडच्या, म्हणजे सर्वांत जुन्या बारवर तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकदा चालतो, मग पुढच्या बारवर पुन्हा पहिल्या ओळीपासून. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळेत पाच मिनिटांचे ७५ बार होतात. म्हणजे एका जुन्या दिवसासाठी तोच प्रोग्रॅम ७५ वेळा चालतो. `close` म्हणजे ज्या बारवर सध्या काम चालू आहे त्याचा भाव, आणि `close[1]` म्हणजे त्याच्या आधीच्या बारचा. पहिल्या बारच्या मागे काहीच नसल्यामुळे तेथे `close[1]` चे उत्तर शून्य नसून `na`, म्हणजे ‘मूल्य नाही’, असे येते.

खरा प्रश्न चालू बारचा आहे. पुढचा प्रोग्रॅम तेजीचे, म्हणजे उघडण्याच्या भावापेक्षा वर असलेले, बार मोजतो, पण तीन वेगळ्या प्रकारे.

```
//@version=5
indicator("Teji")
int a = 0
var int b = 0
varip int c = 0
if close > open
    a += 1
    b += 1
    c += 1
plot(a)
plot(b)
plot(c)
```

`a` प्रत्येक वेळी नव्याने शून्य होतो, त्यामुळे त्याला मागचे काहीच आठवत नाही. `var` लावलेल्या `b` ला शून्य हे मूल्य फक्त पहिल्या बारवर दिले जाते. नंतर ती ओळ पुन्हा आली तरी जुनी बेरीज तशीच राहते. समजा, जुन्या बारांपैकी ४० तेजीचे होते. मग `b` आणि `c` दोन्ही ४० वर आहेत, आणि आता नवा बार २५० रुपयांवर उघडला आहे.

जुन्या बारवर एकदा चालणारा हा प्रोग्रॅम चालू बारवर भावाच्या प्रत्येक बदलाला, म्हणजे प्रत्येक टिकला, पुन्हा चालतो. समजा, पाच टिक आले: २५०, २५१, २५२, २४९ आणि २५१. `b` नुसताच वाढत गेला असता तर तीन वेळा भाव उघडण्याच्या भावापेक्षा वर असल्यामुळे तो ४३ झाला असता, आणि एकच बार तीनदा मोजला गेला असता. हे टाळण्यासाठी पाइन प्रत्येक टिकच्या आधी आपली पाटी पुसते आणि मागचा बार बंद झाला त्या क्षणीची स्थिती परत आणते. म्हणून `b` दर वेळी ४० पासूनच सुरुवात करतो आणि पाच टिकांना अनुक्रमे ४०, ४१, ४१, ४०, ४१ असे दाखवतो. पाचव्या टिकला बार बंद झाला की ४१ हे मूल्य कायम होते. चौथ्या टिकला दिसलेला ४० म्हणजेच तो नाहीसा झालेला बाण: अट मोडली, म्हणून तिच्यावर उभे असलेले चित्रही गेले.

येथे एक गैरसमज हमखास होतो. `b[1]` म्हणजे मागच्या टिकचे मूल्य, असे अनेकांना वाटते. तसे नाही. या पाचही टिकांच्या काळात `b[1]` स्थिर ४० च राहतो, कारण चौकटी कंसातील आकडा टिक मोजत नाही, बार मोजतो.

`varip` लावलेला `c` मात्र या पुसण्यातून वगळलेला असतो. तो ४०, ४१, ४२, ४२, ४३ असा वाढत जातो. एका बारमध्ये किती टिक आले हे मोजायचे असेल तर तोच उपयोगी पडतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. पान पुन्हा उघडले की तो बार जुन्या बारांमध्ये जमा होतो, प्रोग्रॅम त्याच्यावर एकदाच चालतो, आणि मघाशी ४३ दाखवणारा `c` आता ४१ दाखवतो. मधले टिक प्रोग्रॅमला पुन्हा मिळत नाहीत.

म्हणूनच अचूकतेची मोठमोठी टक्केवारी सांगणाऱ्या जाहिरातींमधील जुन्या चार्टवरचे बाण पुरावा मानू नयेत. तेथे प्रत्येक बारचा `close` हा अंतिम भाव असतो, आणि बार चालू असताना उमटून पुसले गेलेले बाण तेथे दिसण्याचा मार्गच नसतो. आपल्या प्रोग्रॅमला हा फरक बाधू नये असे वाटत असेल, तर अट अशी लिहावी:

```
if close > open and barstate.isconfirmed
```

`barstate.isconfirmed` जुन्या बारवर खरे असते आणि चालू बारवर फक्त तो बंद होतानाच्या टिकला खरे होते. त्यामुळे संकेत बार संपेपर्यंत थांबतो, पाच मिनिटांच्या चार्टवर कधी कधी जवळजवळ पाच मिनिटे उशिरा येतो, आणि तोवर भाव बराच पुढे गेलेला असू शकतो. फरक स्वतः तपासायचा असल्यास वरचा पहिला प्रोग्रॅम बाजार चालू असताना अर्धा तास उघडा ठेवावा, `b` आणि `c` चे आकडे कागदावर लिहून घ्यावेत, मग पान पुन्हा उघडावे. संपलेल्या बारांवरचा `b` तोच दिसेल. `c` एकदम खाली उतरून `b` शी जुळलेला असेल.