लाल डोकं दिसलं की राजगिधाड?

"मेलेल्या जनावरावरच्या फोटोत ज्याचं डोकं लाल ते राजगिधाड ना?"

नाही हो, बऱ्याचदा ते नुसतं रक्त असतं. गिधाड मढ्यात मानेपर्यंत घुसतं, त्यामुळे कुठल्याही जातीचं डोकं लाल होऊ शकतं. फोटो झूम करा, रक्त असेल तर लाली ठिपक्याठिपक्यांनी असते, चोचीवर आणि मानेखालच्या पिसांच्या कॉलरवरही लागलेली असते.

राजगिधाडाची कातडीच लाल, आणि खरी खूण म्हणजे मानेच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या कातडीच्या घड्या, त्या रक्ताने येत नाहीत. अंग काळं, छातीवर पांढरा पट्टा. शिवाय ते घोळक्यात क्वचितच, एखाद-दुसरंच.

आता समजा फोटोत लाल डोकं आहे पण अंग फिकट तपकिरी, कॉलर पांढरी, चोच लांब, सडपातळ, फिकट पिवळसर, तर ते लांब चोचीचं गिधाड. अंग काळपट, कॉलर पांढरी आणि चोच आखूड, जाड, वरून चंदेरी असेल तर पांढऱ्या पाठीचं.

पिल्लांचं मात्र अवघडए, राजगिधाडाच्या पिल्लाचं डोकंही नीट लाल नसतं, गुलाबीसर आणि वर पांढरी लव, आणि बाकीच्या दोघांच्या पिल्लांची चोचही गडद, तिथे रंग सोडा, चोचीची जाडी बघा.