ब्रिटनमधल्या ग्रॅज्युएट स्कीम: अर्ज कधी, व्हिसाच्या प्रश्नाचं काय?

समजा, नाशिकची एक मुलगी सप्टेंबर २०२६ मध्ये लीड्सला एक वर्षाच्या एमएस्सीसाठी जाते आहे. तिचा कोर्स सप्टेंबर २०२७ मध्ये संपेल, म्हणून नोकरीचं बघू पुढच्या उन्हाळ्यात, असं घरात सगळ्यांनी धरलेलं असतं. गफलत इथेच होते. सप्टेंबर २०२७ ला सुरू होणाऱ्या ग्रॅज्युएट स्कीमचे, म्हणजे नव्या पदवीधरांना घेऊन प्रशिक्षण देणाऱ्या नोकऱ्यांचे, अर्ज मोठ्या कंपन्या २०२६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उघडतात आणि बरेचसे ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान बंद करतात. म्हणजे ती तिकडे भांडीकुंडी घेत असते तेव्हा अर्जाची मुदत चालू झालेली असते. शिवाय अनेक ठिकाणी अर्ज येतील तसे तपासतात आणि जागा भरल्या की जाहीर तारखेआधीच खिडकी बंद करतात. शेवटच्या तारखेवर विसंबू नका; सीव्ही आणि निवडक सात-आठ कंपन्यांची यादी इथूनच तयार करून न्या.

पात्रतेत बहुतेकदा ‘टू-वन’, म्हणजे वरच्या द्वितीय श्रेणीची पदवी मागतात. भारतीय पदवीला किती टक्के धरायचे हे कंपनीगणिक बदलतं, तेव्हा विचारून घ्यावं. बारावीचे ‘यूकास’ पॉइंट, म्हणजे ब्रिटनमधल्या विद्यापीठ प्रवेशासाठीचे गुण, विचारले तर आकडा मनाने ठोकू नका. आपल्या एचएससीला ते पॉइंट नसतात. ‘इतर पात्रता’ निवडा किंवा भरती विभागाला ईमेल करा. सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट भारतातून निघण्यापूर्वी हातात घ्या, कारण तिकडून पुण्याच्या खिडकीवर कोणाला तरी उभं करणं फार जिकिरीचं होतं. नोकरीचा हक्क दाखवायला ई-व्हिसावरून काढलेला शेअर कोड लागतो; तो ९० दिवस चालतो, म्हणून मागतील तेव्हाच काढा.

अर्जातला खरा कळीचा प्रश्न असा असतो: आता किंवा पुढे तुम्हाला स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठी कंपनीचं प्रायोजकत्व, लागेल का? ‘पदवीनंतर स्पॉन्सरशिवाय काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा मिळणारच आहे’ म्हणून मुलं ‘नाही’ लिहितात. पण १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना, पीएचडी वगळता, हा व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच आहे आणि स्कीम सहसा दोन वर्षांची. म्हणजे आपल्या मुलीला मध्यातच स्किल्ड वर्कर व्हिसा, पर्यायाने कंपनीची स्पॉन्सरशिप लागणार. खरं उत्तर ‘हो’ आहे. खोटं लिहून मिळालेली ऑफर पुढे तपासणीत परत घेतली जाऊ शकते.

म्हणून अर्जाआधी दोन गोष्टी बघा. कंपनीचं नाव GOV.UK वरच्या Register of licensed sponsors: workers या यादीत आहे का, आणि पगार पुरेसा आहे का. स्किल्ड वर्करसाठी साधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. नव्याने कामाला लागणाऱ्यांना ती ३३,४०० पौंडांपर्यंत खाली येते, पण त्या पदाच्या ठरलेल्या दराचे ७० टक्के त्याहून जास्त होत असतील तर तेवढा पगार लागतो. शिवाय ही सवलत एकूण चार वर्षांची, आणि त्यात ग्रॅज्युएट व्हिसाचे महिने धरले जातात. यादीत नाव आहे म्हणजे ती कंपनी फ्रेशरला स्पॉन्सर करेलच असं नाही, हे मात्र विचारावंच लागतं.

अर्ज पुढे सरकला की ऑनलाइन चाचणी येते, आणि तिची मुदत काही दिवसांचीच असते. आकडेमोडीत आपली मुलं सहसा तरतात. फसतात ती उताऱ्याच्या चाचणीत. उताऱ्यात लिहिलेलं असतं: ‘कंपनीने दोन गोदामं बंद केली. त्या वर्षी वाहतूक खर्च घटला.’ विधान येतं: ‘गोदामं बंद केल्याने खर्च घटला.’ आपण पटकन ‘खरं’ दाबतो. उत्तर ‘सांगता येत नाही’ हे आहे, कारण दोन गोष्टींचा संबंध उताऱ्यात कुठेच जोडलेला नाही. बाहेरचं ज्ञान आणि अंदाज बाजूला ठेवायची सवय सरावानेच लागते.

शेवटी असेसमेंट सेंटर: अर्धा किंवा पूर्ण दिवस, कधी प्रत्यक्ष, कधी ऑनलाइन. त्यात मुलाखत, सादरीकरण आणि गटचर्चा. गटात समजा तीन प्रकल्पांत निधी वाटायचा आहे. परीक्षक तुमचा निर्णय बरोबर होता का यापेक्षा तुम्ही काय केलंत ते टिपून घेतो. कॉलेजच्या जीडीसारखं सगळ्यांवर आवाज चढवला तर गुण जातात, आणि गप्प बसलात तर लिहायलाच काही उरत नाही. ‘तिने आत्ता खर्चाचा मुद्दा मांडला, त्यात माझी भर अशी’ एवढं एक वाक्यही नोंद होतं.

ऑफर आल्यावर सुरुवातीची तारीख नीट तपासा. प्रबंधाचा निकाल नोव्हेंबरमध्ये लागणार असेल आणि स्कीम सप्टेंबरला सुरू होत असेल, तर मध्ये अडचण आहे: विद्यापीठाने कोर्स पूर्ण झाल्याचं होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, कळवल्याशिवाय ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज करता येत नाही, आणि तो अर्ज झाल्याखेरीज स्टुडंट व्हिसावर कायम स्वरूपाची पूर्णवेळ नोकरी धरता येत नाही. सुरुवात पुढे ढकलता येईल का, हे ऑफर स्वीकारतानाच लेखी विचारा.