शाळेचा खरा खर्च फीच्या पावतीवर नसतो: मानवी भांडवलाच्या कल्पनेची पार्श्वभूमी

१९५७ साली अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी अमेरिकेच्या चाळीस वर्षांच्या उत्पादनाचा हिशोब मांडला. १९०९ ते १९४९ या काळात एका तासाच्या श्रमातून होणारं उत्पादन दुप्पट झालं होतं. कामगारामागची यंत्रं आणि इमारती वाढल्या म्हणून यातलं किती वाढलं, हे त्यांनी वेगळं काढलं. उत्तर आलं जेमतेम एक अष्टमांश. उरलेल्या सात अष्टमांशाला ‘तांत्रिक बदल’ असं नाव दिलं गेलं, पण तो कशातून आला हे त्या नावावरून कळत नव्हतं. भांडवल म्हणजे यंत्र, इमारत आणि जमीन एवढंच धरलं, तर वाढीचा मोठा भाग हिशोबाबाहेर राहतो, हे मात्र उघड झालं.

शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झ नेमके याच प्रश्नामागे होते. ते दक्षिण डकोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धाच्या काळात शेतावर माणसं मिळेनात, म्हणून आठवीनंतर त्यांची शाळा सुटली होती आणि पुढचं शिक्षण त्यांनी उशिरा, वाकड्या वाटेनं घेतलं. त्यांच्याबद्दल एक हकीकत सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सुमारास अलाबामात शेतकऱ्यांना भेटत फिरताना त्यांना एक म्हातारं जोडपं भेटलं. शेत कस गेलेलं, घर साधं, तरी दोघं समाधानी. कारण विचारल्यावर ते म्हणाले की आम्ही गरीब नाही. शेताची कमाई चार मुलांच्या शिक्षणात घातली, आता ती मुलं कमावती होतील. त्या जोडप्यानं आपली मालमत्ता संपवली नव्हती, दुसऱ्या रूपात ठेवली होती, हे शुल्ट्झ यांच्या ध्यानात आलं.

डिसेंबर १९६० मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला: शिक्षणावरचा खर्च ही माणसात केलेली गुंतवणूक आहे, आणि त्यातून तयार होतं ते मानवी भांडवल. कल्पना अगदी नवी नव्हती. अॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच लिहून ठेवलं होतं की खूप वेळ आणि कष्ट घालून शिकलेला माणूस महागड्या यंत्रासारखा असतो, त्याच्या मजुरीतून तो खर्च नफ्यासह वसूल व्हायला हवा. तरीही पावणेदोनशे वर्षं हा धागा कुणी नीट पुढे नेला नाही, आणि त्याचं एक कारण नैतिक होतं. माणसाला भांडवल म्हणणं म्हणजे त्याला गुलामांच्या बाजारात उभं करणं, अशी धास्ती होती. शुल्ट्झ यांनी ही अडचण भाषणात स्वतःच उपस्थित केली आणि उत्तर दिलं की स्वतःत गुंतवणूक करणारा माणूस विकला जात नाही, उलट त्याच्यापुढचे पर्याय वाढतात. मला हे उत्तर पटतं, कारण ते भांडवल माणसापासून तोडून दुसऱ्याला विकता येत नाही.

शुल्ट्झ यांचं खरं काम मात्र खर्चाच्या बाजूला आहे. शाळेचा खर्च म्हटला की आपण फी, पुस्तकं, शिक्षकांचे पगार मोजतो. त्यांनी त्यात आणखी एक रक्कम धरली: विद्यार्थी वर्गात बसला म्हणून बुडालेली कमाई. अमेरिकेतल्या हायस्कूल आणि कॉलेजच्या एकूण खर्चात हीच रक्कम निम्म्याहून जास्त भरली. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या पुस्तकात यावर गुंतवणुकीचं पूर्ण गणित उभारलं: आज इतकं सोडलं, पुढे दरवर्षी इतकं जास्त मिळालं, तर परतावा किती टक्के?

आकडे मानून एक उदाहरण करून पाहू. दहावी झालेल्या मुलाला लगेच महिना १०,००० रुपयांचं काम मिळतंय, पण तो दोन वर्षांचा आयटीआयचा अभ्यासक्रम निवडतो. फी, साहित्य आणि प्रवासाला वर्षाला १५,००० लागतात. पावत्यांचा खर्च झाला ३०,०००, पण बुडालेला पगार २ लाख ४० हजार, म्हणजे खरी गुंतवणूक २ लाख ७० हजारांची. नंतर त्याला महिना ३,००० रुपये जास्त मिळाले, तर वर्षाला ३६,००० होतात. चाळीस वर्षांच्या नोकरीवर हा परतावा साधारण १२ टक्क्यांच्या आसपास येतो. फक्त पावत्या मोजल्या असत्या, तर तो ऐंशी टक्क्यांच्या वर दिसला असता आणि मुलं शिकत का नाहीत याचं आपल्याला उगाच नवल वाटलं असतं. हाच अभ्यासक्रम त्रेचाळिसाव्या वर्षी, २०,००० चा पगार सोडून केला, तर गुंतवणूक ५ लाख १० हजारांची होते आणि उरलेल्या पंधरा वर्षांत परत येतात ५ लाख ४० हजार. शिक्षण तरुणपणीच का घेतलं जातं, याचं बरंचसं उत्तर या दोन हिशोबांत आहे.

या गणितावरचा सर्वांत गंभीर आक्षेप १९७३ मध्ये अर्थतज्ज्ञ मायकल स्पेन्स यांनी घेतला. शिकलेल्याला पगार जास्त मिळतो हे खरं, पण शाळेनं त्याचं कौशल्य वाढवलं म्हणूनच तो मिळतो कशावरून? पदवी कदाचित एवढंच सांगत असेल की हा माणूस आधीपासूनच हुशार आणि चिकाटीचा होता. तसं असेल तर त्याला स्वतःला परतावा मिळतो, देशाला फारसा नाही. नुसते पगार तपासून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

त्यातली निदान एक गाठ इंडोनेशियामुळे सुटली. तेलाचा पैसा आल्यावर तिथल्या सरकारनं १९७३ पासून पाच-सहा वर्षांत ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या, काही जिल्ह्यांत जास्त, काहींत कमी. १९७४ मध्ये दोन ते सहा वर्षांची असलेली मुलं या शाळांत जाऊ शकली. बारा ते सतरा वर्षांच्यांसाठी उशीर झाला होता. अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो यांनी दोन्ही पिढ्यांतला फरक जास्त आणि कमी शाळांच्या जिल्ह्यांत ताडून पाहिला. शाळा कुणाच्या गावात निघाली हे मुलाच्या हुशारीवर ठरलं नव्हतं, म्हणून पगारातला फरक जन्मजात हुशारीवर ढकलता येईना. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं उत्तर होतं: शाळेच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे पगारात ६.८ ते १०.६ टक्के वाढ. स्पेन्स यांचा मुद्दा यानं पूर्ण निकालात निघत नाही, विशेषतः पदवीच्या पातळीवर. एका जागेसाठी हजारो पदवीधर अर्ज करतात तिथे तो आजही लागू पडतो.

बुडालेल्या कमाईची बाब आपल्याकडे मात्र शुल्ट्झ यांच्या बऱ्याच आधी कागदावर आली होती. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात शेतकरी आणि गरीब घरांतली मुलं शाळेत का टिकत नाहीत, याचं एक कारण दिलं: आईबापांना ती गुरं राखायला आणि शेतावर हवी असतात. म्हणूनच शाळा वाढवून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्यायला हवीत, असं त्यांनी मागितलं. आपल्या शालेय धोरणानं फी, पुस्तकं आणि दुपारचं जेवण यांची सोय केली, पण त्यानं पावतीवरचा खर्च भरून निघतो. बुडालेली कमाई वयाबरोबर वाढते; सात वर्षांच्या मुलाची मजुरी नगण्य असते, चौदाव्या वर्षी तो ऊसतोडीच्या फडात कामाला येतो. मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळते तेव्हा आईला मजुरीवर जाता येतं, ही कमाई तर कुठल्याच हजेरीपटावर दिसत नाही. गळती माध्यमिक वर्गांत का वाढते, हे यावरून बरंच कळतं.

मेक्सिकोनं १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोग्रेसा’ योजनेत हा हिशोब सरळ धरला होता. मुलाची शाळेतली हजेरी असेल तर आईच्या हाती रोख रक्कम मिळे. ती वरच्या इयत्तेसोबत वाढत जाई, कारण मोठ्या मुलाची बुडणारी मजुरी जास्त असते, आणि माध्यमिकमध्ये मुलींना मुलांपेक्षा जास्त दिली जाई. प्राथमिक शाळेत बहुतेक मुलं आधीच जात होती, त्यामुळे तिथे फरक थोडा पडला. पटसंख्या सर्वांत वाढली ती माध्यमिकच्या उंबरठ्यावर, आणि मुलांपेक्षा मुलींची जास्त.