63 अँपिअरच्या फीडरला 300 स्क्वेअरची केबल: एका समीकरणाची पार्श्वभूमी

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या कामात माझ्याकडे केबल सायझिंगची शीट तपासायला आली. त्यातल्या एका ओळीवर नजर अडखळली. आवाराच्या टोकाला असलेल्या छोट्या डीबीला मेन पॅनेलमधून फीडर जात होता. लोड जेमतेम 25 अँपिअर, मोटर सुरू होताना खेच असते म्हणून फ्यूज 63 अँपिअरचा. आणि केबल? 300 स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियम. मी फोन केला तर पलीकडचा तरुण इंजिनिअर म्हणाला, "सर, लोडला 16 पुरते, पण शॉर्ट सर्किटला बसत नाही." त्याचा हिशेब बरोबर होता. चुकला होता तो हिशेबात घातलेला वेळ, आणि ती चूक त्याच्या एकट्याची नव्हती. ती कुठून आली हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

हे समीकरण केबलसाठी जन्मलंच नाही. त्याची सुरुवात फ्यूजपासून होते. विल्यम प्रीस यांनी 1880 च्या दशकात वेगवेगळ्या जाडीच्या तारा वितळवून पाहिल्या आणि नियम मांडला: तार वितळवणारा करंट तिच्या व्यासाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतो. या नियमात वेळ कुठेच नाही. करंट सावकाश वाढवायचा, तारेत तयार होणारी उष्णता तिच्या पृष्ठभागातून बाहेर जात राहते, आणि दोन्हींचा तोल सुटला की तार जाते, अशी ती कल्पना. ओव्हरलोडला ती ठीक आहे. शॉर्ट सर्किटमध्ये मात्र उष्णतेला बाहेर पडायला सवडच मिळत नाही.

ही सवड न मिळणं गृहीत धरलं की हिशेब एकदम सोपा होतो. 1906 मध्ये जर्मनीत जी. जे. मायर यांनी फ्यूजबद्दल हेच मांडलं. बाहेर काहीच जात नसेल, तर आत तयार झालेली सगळी उष्णता धातूचं तापमान वाढवण्यातच खर्ची पडते. लांबी दुप्पट केली तर उष्णताही दुप्पट आणि तापवायचा धातूही दुप्पट, म्हणून लांबी हिशेबातून गळून जाते. उरतो तो फक्त छेद. करंटच्या वर्गाची वेळेवरची बेरीज बरोबर एक स्थिरांक गुणिले छेदाचा वर्ग. फ्यूजच्या पुस्तकांत या स्थिरांकाला आजही मायरचंच नाव आहे. तांबं तापतं तसा त्याचा रोधही वाढतो, म्हणून स्थिरांकाच्या पोटात एक लॉगॅरिदम येतो. 1928 मध्ये अमेरिकेत ई. आर. स्टाउफाकर यांनी ऑनडरडाँक यांचं म्हणून जे सूत्र छापलं, त्यातही तोच लॉगॅरिदम आहे, फक्त एककं वेगळी.

केबलवाल्यांनी याच समीकरणात वितळण्याच्या तापमानाऐवजी इन्सुलेशनला सोसेल ते तापमान घातलं. आज आपण वापरतो ते रूप असं, I म्हणजे करंट, t वेळ, S केबलचा छेद, θi आणि θf सुरुवातीचं आणि शेवटचं तापमान:

```
I²t ≤ k²S²
k = 226 × √ ln[(234.5 + θf) / (234.5 + θi)]   (तांबे)
```

पीव्हीसी केबल पूर्ण लोडवर 70 अंशांवर असते आणि शॉर्ट सर्किटमध्ये तिला 160 पर्यंत जाऊ द्यायचं. आकडे घातले की k येतो 115. एक्सएलपीईला 90 पासून 250 पर्यंत मुभा, म्हणून 143. अ‍ॅल्युमिनियमला 226 च्या जागी 148 आणि 234.5 च्या जागी 228 येतात, आणि हेच आकडे 76 आणि 94 होतात. 160 च्या वर पीव्हीसी पेटतं असं नाही. ते मऊ पडतं, कंडक्टर त्यात रुततो आणि एका बाजूचं इन्सुलेशन पातळ होतं. दुसऱ्या दिवशी मेगर लावला तर रीडिंग छान येतं. केबल जाते ती दोन-तीन वर्षांनी, आणि मग कोणी त्या जुन्या फॉल्टची आठवण काढत नाही.

समीकरण फ्यूजला आणि केबलला एकच आहे याचा एक मासला तार बदलता येणाऱ्या जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये बघायला मिळतो. तांबं 20 अंशांपासून वितळणबिंदूपर्यंत न्यायला दर चौरस मिलिमीटरच्या वर्गाला सुमारे 84,000 अँपिअर-वर्ग सेकंद लागतात, आणि पीव्हीसी केबल सोसते 13,225, म्हणजे 115 चा वर्ग. दोहोंचं गुणोत्तर सहाच्या थोडं वर, त्याचं वर्गमूळ अडीच. म्हणजे किटकॅटमध्ये घातलेल्या तांब्याच्या तारेचा छेद केबलच्या छेदाच्या 40 टक्क्यांहून जास्त असेल, तर तार वितळायच्या आधी केबल 160 ओलांडते. दीड स्क्वेअरच्या वायरिंगला ही सीमा 0.6 स्क्वेअर एमएमवर येते. 20 गेजची एकच तार त्याच्या पुढे जाते. आणि यात वितळण्याची गुप्त उष्णता अजून धरलेलीच नाही. "सारखा उडतोय" म्हणून वायरच्या चार तारा पिळून भरणाऱ्याने केबललाच फ्यूज करून ठेवलेलं असतं.

नियमांच्या पुस्तकात हे समीकरण घट्ट बसलं ते IEC 364 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मालिकेतून. ब्रिटनच्या वायरिंग नियमांची 15 वी आवृत्ती 1981 मध्ये त्याच धर्तीवर निघाली आणि तिथल्या इलेक्ट्रिशियनला k च्या तक्त्याशी गाठ पडली. आपल्याकडे IS 732 ची 2019 ची आवृत्ती त्याच वळणाची आहे. पण आपल्या कन्सल्टंटांच्या शीटवर खरा पगडा पडला तो मानकाचा नाही, केबलच्या कॅटलॉगचा. तिथे शेवटच्या रकान्यात एक सेकंदाची शॉर्ट सर्किट रेटिंग छापलेली असते. एक्सएलपीई अ‍ॅल्युमिनियमला 0.094 गुणिले छेद, उत्तर किलोअँपिअरमध्ये. हा 0.094 आपल्याकडे पाढ्यासारखा पाठ असतो. हा एक सेकंद आला मोठ्या स्विचगिअरमधून. तिथे वरचा ब्रेकर रिलेच्या वेळेप्रमाणे थांबून सुटतो, म्हणून बसबारने आणि केबलने तेवढा वेळ तग धरला पाहिजे. इनकमरला ते योग्यच आहे. 63 अँपिअरच्या फीडरला तोच सेकंद लावला की 300 स्क्वेअर येते.

आता त्या शीटचाच हिशेब पाहू. ट्रान्सफॉर्मर 1000 केव्हीए, 433 व्होल्ट, इम्पिडन्स 5 टक्के. फुल लोड करंट 1,333 अँपिअर, त्याला 0.05 ने भागलं की पॅनेलवरचा फॉल्ट 26.7 किलोअँपिअर. भागिले 0.094 बरोबर 284, म्हणून वरचा साइज 300. पण फीडरवर फॉल्ट तोडणार कोण? इनकमरचा एसीबी नाही, फीडरचं स्वतःचं उपकरण. ते एमसीसीबी असेल आणि करंट न छाटता एका अर्ध्या सायकलनंतर, 10 मिलिसेकंदांत, सुटत असेल असं धरू. 26,700 चा वर्ग गुणिले 0.01 म्हणजे 71 लाख. वर्गमूळ काढून 94 ने भागलं की 28, म्हणजे 35 स्क्वेअर. एका झटक्यात 300 ची 35 झाली. पण इथेच सावध व्हायला हवं. पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये करंट असमान असतो, डीसीचा भाग मिसळून शिखर वर जातं, आणि आरएमएस करंट गुणिले वेळ हा हिशेब खरी उष्णता कमी दाखवतो. म्हणूनच नियम सांगतो की 0.1 सेकंदाच्या आत तुमचा I आणि t बाजूला ठेवा आणि उत्पादकाने चाचणी करून छापलेली लेट-थ्रू एनर्जी, म्हणजे फॉल्ट तुटेपर्यंत उपकरण पुढे जाऊ देतं तो I²t, घ्या.

आणि तिथेच फ्यूजची खरी करामत दिसते. एचआरसी फ्यूज करंटला शिखरापर्यंत पोचूच देत नाही. पट्टीच्या अरुंद जागा पहिल्या पाव सायकलच्या आत वितळतात, वाळू आर्क गिळते आणि करंट चढता चढताच खाली वळतो. 63 अँपिअरच्या gG फ्यूजला वितळेपर्यंत मानकाने 27,000 अँपिअर-वर्ग सेकंदांची वरची मर्यादा घातली आहे. त्यापुढचं आर्किंग धरलं तरी आकडा लाखाच्या आतच राहतो. 16 स्क्वेअर एक्सएलपीई अ‍ॅल्युमिनियम केबल सोसते 94 चा वर्ग गुणिले 16 चा वर्ग, म्हणजे 22.6 लाख. करंट छाटणारा 100 अँपिअर फ्रेमचा एमसीसीबी घेतला तरी कॅटलॉगच्या आलेखावर चार-सहा लाखांच्या घरात आकडा मिळतो. इथे एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी: आलेखाच्या आडव्या अक्षावर फॉल्टचा संभाव्य करंट असतो, आणि पुष्कळ जण तिथे फीडरचा रेटेड करंट शोधत बसतात.

घरगुती एमसीबीचीही हीच गोष्ट, फक्त तिथे अंतर इतकं मोठं नाही. एनर्जी क्लास 3 चा 16 अँपिअर B प्रकारचा एमसीबी 6 किलोअँपिअरला जास्तीत जास्त 35,000 जाऊ देऊ शकतो. दीड स्क्वेअर पीव्हीसी तांब्याची केबल सोसते 29,756. म्हणजे मानकाच्या मर्यादेवर भिस्त ठेवली तर ती नापास होते आणि अडीच स्क्वेअर, 82,656 सोसणारी, आरामात पास. प्रत्यक्षात बहुतेक एमसीबी मर्यादेपेक्षा बरंच कमी सोडतात आणि घराच्या बोर्डवर 6 किलोअँपिअर क्वचित मिळतात. पण ट्रान्सफॉर्मरला खेटून असलेल्या पॅनेलमधून दीड स्क्वेअरची वायर काढताना आलेख उघडून पाहावा.

परत आपल्या फीडरकडे. पॅनेलजवळच्या फॉल्टचा हिशेब झाला, पण फ्यूजची वाईट बाजू दुसऱ्या टोकाला असते. करंट कमी असला की फ्यूज रेंगाळतो, आणि रेंगाळताना जाणारी ऊर्जा वाढत जाते. ब्रेकरचं बहुतेक वेळा उलटं, त्याची ऊर्जा फॉल्टबरोबर वाढते, फक्त मॅग्नेटिक ट्रिपच्या खालचा करंट हा त्याचा सांदीचा भाग. डीबी 150 मीटरवर होता. 16 स्क्वेअर अ‍ॅल्युमिनियमचा रोध 1.91 ओहम प्रति किलोमीटर, जाऊन-येऊन 300 मीटर, तापलेली केबल म्हणून 1.28 ने गुणायचं: 0.73 ओहम. 240 व्होल्टला सुमारे 325 अँपिअर. 63 अँपिअरच्या gG फ्यूजला 320 अँपिअरवर 5 सेकंदांत उडावं लागतं, म्हणजे आपण काठावर. 325 चा वर्ग गुणिले 5 बरोबर 5.3 लाख, तेही 22.6 लाखांच्या आत.

उष्णतेचा हिशेब इथे मोकळा सुटला, पण 5 सेकंदांचा काठ योगायोगाचा नाही. त्याहून जास्त वेळ लागला तर उष्णता इन्सुलेशनमध्ये झिरपायला लागते आणि 'बाहेर काहीच जात नाही' हे गृहीतक कोसळतं. मग 1988 च्या IEC 949 मधली दुरुस्ती लावावी लागते. ती केबलच्या बाजूनेच असते, म्हणजे साधं समीकरण वापरलं तर साइज थोडा जास्तच येतो. खरी अडचण वेगळी असते: तेवढा वेळ फॉल्ट टिकून राहणं माणसाला धोक्याचं.

मी त्या इंजिनिअरला शीटमध्ये वेळाचा रकाना काढून तिथे फ्यूजची लेट-थ्रू घालायला सांगितलं, आणि खाली दुसरी ओळ, दूरच्या टोकासाठी. दोन दिवसांनी सुधारित शीट आली. फीडर 16 स्क्वेअर, फ्यूज 63 वरून 50 वर आणलेला. मोटर 50 वर सुरू होते का ते त्याने स्टार्टिंग करंटच्या वक्राशी ताडून पाहिलं होतं. 325 अँपिअरला तो फ्यूज 5 सेकंदांच्या बराच आधी सुटत होता.