मिरचीचं मलम सुरू करण्यापूर्वी: नागिणीनंतरच्या आगीसाठी

ही ट्यूब परत घेऊन येणारे बहुतेक जण काउंटरवर एकच तक्रार सांगतात, "अहो, दुखणं कमी व्हायचं सोडून आग वाढलीय." त्यांचं खोटं नसतं. पहिले काही दिवस आग होते, आणि औषध काम करतं ते त्या आगीच्याच वाटेने. हे आधी नीट सांगितलं गेलं नाही की माणूस चौथ्या दिवशी ट्यूब कपाटात टाकतो. म्हणून हे माहितीपत्रक. डॉक्टरांनी तुम्हाला ०.०७५ टक्क्यांचं कॅप्सेसिन मलम लिहून दिलं असेल तर पहिल्यांदा लावण्याआधी एवढं वाचून घ्या.

कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतलं तिखट. ते बियांत असतं असं आपण समजतो, पण खरं तर बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरात ते तयार होतं. ०.०७५ टक्के म्हणजे ३० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये जेमतेम साडेबावीस मिलिग्रॅम.

नागीण उठून गेल्यावर दुखतं का

नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहतो आणि पुढे कधीतरी एका तंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. फोड सुकतात, खपल्या पडतात. त्या वाटेवरचा तंतू मात्र जखमी होऊन बसलेला असतो आणि कारण नसताना मेंदूकडे "भाजतंय, भाजतंय" असे निरोप पाठवत राहतो. अंगाला पदर लागला तरी काही जणांना चटका बसल्यासारखं होतं. फोड बरे होऊन तीन महिने झाले तरी हे थांबलं नाही, तर त्याला नागिणीनंतरची मज्जातंतूची वेदना म्हणतात. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ती सहसा हटत नाही, कारण दुखणं सुजेचं नसून तंतूचंच असतं.

तिखट आणि चटका यांचं दार एकच

वेदना कळवणाऱ्या बारीक तंतूंच्या टोकांवर प्रथिनांची इवलीशी दारं असतात. त्यातल्या एकाचं नाव टीआरपीव्ही-१. साधारण ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की हे दार उघडतं, सोडियम आणि कॅल्शियम आत शिरतात आणि तंतू पेटतो. कॅप्सेसिन नेमकं याच दाराला जाऊन बसतं, म्हणून मिरचीने जीभ "भाजते". खरं तापमान वाढलेलं नसतं, तरी मेंदूला निरोप भाजल्याचाच जातो. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मिरचीचाच माग काढत हे दार शोधलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. कॅप्सेसिन बसलेलं असलं की हे दार ४३ अंशांची वाट पाहत नाही, अंगाच्या नेहमीच्या उबेलाही उघडतं. म्हणून मलम लावल्यावर कढत पाण्याची आंघोळ केली, शेक घेतला किंवा एप्रिलच्या उन्हात रामकुंडापर्यंत चालत जाऊन घाम काढला, तर आग भडकते. उलट गार कापड ठेवलं की ती लगेच उतरते.

मग आराम कसा पडतो

नाशिककरांना हे मिसळीवरून पटकन कळेल. रस्सा न थांबता ओरपत गेलात तर तिखट चढत जातं. पण मध्ये दहा-पंधरा मिनिटं गप्पा मारून पुन्हा घास घेतला तर तोच रस्सा मवाळ लागतो. रस्सा बदललेला नसतो, जिभेवरची ती दारं मंद झालेली असतात.

कातडीत हेच दोन पायऱ्यांनी घडतं. पहिली पायरी काही मिनिटांची. दार उघडून कॅल्शियम आत आला की तोच कॅल्शियम आतून दार अडवायला लावतो. आता पुन्हा तिखट आलं तरी दार पूर्वीसारखं उघडत नाही. ही मंदी तात्पुरती असते. मधे फार वेळ गेला तर दार पुन्हा ताजंतवानं होतं.

दुसरी पायरी खरी कामाची, आणि तिला दिवस लागतात. रोज, वेळेवर कॅप्सेसिन मिळत राहिलं की तंतूच्या टोकात कॅल्शियम साचतो. टोकाला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणा त्या ओझ्याने कोलमडतात आणि तंतूची टोकं कातडीच्या वरच्या थरातून मागे सरतात. निरोप पाठवणारं टोकच जागेवर नसल्यामुळे चुकीचे निरोपही थांबतात. तंतूचं मूळ मणक्याजवळ शाबूत असतं, म्हणून मलम बंद केल्यावर टोकं पुन्हा वाढून येतात. निरोगी माणसांच्या कातडीवर हेच मलम रोज चार वेळा, तीन आठवडे लावून पाहिलं तेव्हा तंतूंची टोकं पहिल्या काही दिवसांतच विरळ झाली. मलम थांबवल्यावर सुमारे सहा आठवड्यांत त्यांतली बहुतेक परतली.

"म्हणजे जागा बधिर होणार का?" असं पुष्कळ जण विचारतात. बधिर करणाऱ्या लिग्नोकेनसारखं हे नाही. स्पर्श ओळखणारे जाड तंतू वेगळे असतात, त्यांच्यावर हे दार जवळपास नसतंच. म्हणून हात फिरवलेला कळतो, कापडाचा पोत कळतो. कमी होते ती उष्णतेची आणि टोचण्याची तीव्र वेदना.

एका आजींची गोष्ट

दिंडोरीकडच्या एक आजी, वय बासष्ट. उजव्या बरगडीखाली पट्ट्यासारखी नागीण उठून गेली, खपल्या पडून तीन महिने झाले, तरी ब्लाऊजचा काठ लागला की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी ०.०७५ टक्क्यांचं मलम दिवसातून चार वेळा लिहून दिलं. नवव्या दिवशी सून ट्यूब घेऊन आली. "काका, आत्या म्हणतात हे नको. दुखतं तेव्हा लावलं की अजून जळतं."

चूक त्या "दुखतं तेव्हा लावलं की" मध्ये होती. आजी दुखेल तेव्हा, म्हणजे दिवसातून कधी एकदा, कधी दोनदा लावत होत्या, आणि दोन दिवस तर लावलंच नव्हतं. हे बामासारखं गरजेपुरतं लावायचं औषध नाही. अधूनमधून लावलं की दार प्रत्येक वेळी ताजं सापडतं, आणि आजी रोज पहिल्याच दिवसाची आग सोसत होत्या. शिवाय सकाळी मलम लावून अर्ध्या तासात बंबाच्या कढत पाण्याने आंघोळ व्हायची.

आम्ही सुनेसोबत वेळा कागदावर लिहून दिल्या: सकाळी आंघोळीनंतर अंग गार झाल्यावर आठ वाजता, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला, रात्री दहाला. दोन वेळांत निदान चार तासांचं अंतर. एका वेळी वाटाण्याएवढं मलम तळहाताएवढ्या जागेला पुरतं. पांढरं दिसेनासं होईपर्यंत हलक्या हाताने पसरायचं, घासायचं नाही. जाड थराने काम लवकर होत नाही, फक्त खोकला येतो, कारण वाळलेल्या मलमाचे कण उडून नाकात जातात. वर घट्ट पट्टी बांधायची नाही.

पहिले पाच-सहा दिवस आग होतीच, पण दर वेळी ती थोडी लवकर उतरायची. याच खुणेकडे लक्ष ठेवा. लावल्यानंतरची आग पहिल्या दिवशी समजा चाळीस मिनिटं टिकली आणि आठवड्याने पंधरा मिनिटांवर आली, तर औषध लागू पडतंय. तिसऱ्या आठवड्यात आजींनी ब्लाऊजचा काठ सहन होतो असं कळवलं. सहाव्या आठवड्यात रात्रीची झोप सलग लागली. दुखणं पार गेलं नाही. आमच्या अनुभवात ते पार गेलेले थोडेच.

आणि काही जणांना काहीच फरक पडत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. आठ आठवडे नियमाने लावूनही फायदा नसेल तर ट्यूबवर ट्यूब घेत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

हात, डोळे आणि चुकून लागलं तर

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसत्या पाण्याने हात धुऊन डोळा चोळला की रडायची पाळी येते. मलम लावताना पातळ हातमोजे घाला. ते नसतील तर नंतर आधी खोबरेल किंवा गोडं तेल चोळून कापडाने पुसा, मग साबणाने धुवा. नको तिथे लागलं तर त्या कातडीलाही हेच. डोळ्यात गेलं तर मात्र तेल अजिबात नको. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि जळजळ थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा. लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स मलमाच्या आधी घालाव्यात.

कधी लावू नये

फोड किंवा खपल्या असताना, ओल्या किंवा फाटलेल्या कातडीवर, डोळ्यांच्या आसपास किंवा तोंडात हे मलम लावायचं नाही. आग होणं अपेक्षित आहे, लाली थोडी चालते. पण फोड आले, कातडी सुजली किंवा जागा ओली झाली तर ते औषधाचं काम नव्हे, लगेच थांबवा.

मधुमेहाने तळपायांची आग होणाऱ्यांनाही डॉक्टर हे मलम देतात. त्यांनी एक जास्तीची काळजी घ्यायची. ज्या पायाला गरम-गार कळेनासं झालं आहे, त्याची चटक्याची जाणीव मलमाने आणखी कमी होऊ शकते. पाय पाण्यात टाकण्याआधी कोपराने पाणी तपासा आणि रोज रात्री तळवे उजेडात पाहा.

घरी लवंगी मिरच्या वाटून तेलात लेप करणारेही भेटतात. तो करू नका. एका घरात असा लेप रात्रभर बांधून ठेवला आणि सकाळी तळहाताएवढा फोड उठला होता. मिरचीत तिखट किती ते झाडागणिक बदलतं. मलमात ते मोजून घातलेलं असतं.

आठ टक्क्यांचा पॅच म्हणजे काय

काही गिऱ्हाइकांनी याबद्दल वाचलेलं असतं. त्यात आपल्या मलमाच्या शंभरपटीहून जास्त तिखट असतं. तो दवाखान्यातच, हातमोजे घालून, साधारण एक तास लावतात आणि काढल्यावर जागा स्वच्छ करतात. अमेरिकेत २००९ मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेसाठी त्याला मान्यता मिळाली. निरोगी माणसांत अशा एका तासाने वरच्या थरातल्या तंतूंची टोकं आठवड्याने सुमारे ८० टक्के कमी झालेली दिसली, आणि सहा महिन्यांत जवळपास भरून आली. म्हणून तो तीन महिन्यांच्या आत पुन्हा लावत नाहीत. या पॅचची तपासणी करताना एक गंमतीची अडचण आली. खरा पॅच कोणाला आणि खोटा कोणाला, हे आगीवरून रुग्णालाच कळून जाणार. मग खोट्या पॅचमध्येही ०.०४ टक्के तिखट घालावं लागलं. हा पॅच आम्ही विकत नाही, आणि कोणी घरी लावायला देऊ केला तर घेऊ नका.

ट्यूब संपायला आठवडा उरला की कळवा. मधे चार दिवस खंड पडला तर पुन्हा पहिल्या दिवसाची आग सोसावी लागते.

— पंचवटी, नाशिक येथील आपले औषधविक्रेते